वेबिनार पाऊण तासाचा, काम दोन महिन्यांचे

महाराष्ट्रातल्या प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. सभेची सूचना चौदा दिवस आधी सभासदांच्या हाती पडावी लागते आणि विषयपत्रिका त्याच्याही आधी समितीत ठरते. गच्चीवर सोलर बसवून देणाऱ्या व्यावसायिकाच्या दृष्टीने वर्षातली ही सर्वांत महत्त्वाची तारीख. सभेच्या मंजुरीशिवाय कोणताही सचिव लाखोंचा खर्च अंगावर घेत नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत विषय समितीच्या टेबलावर आला नाही, तर बहुतेक सोसायट्यांत तो पुढच्या वर्षावर जातो.

वेबिनार घेऊन ग्राहक मिळवण्याचा विचार करणारे बहुतेक जण इथे पहिली चूक करतात. स्वतःला सवड कधी आहे ते पाहून ते तारीख ठरवतात, गिऱ्हाईक निर्णय कधी घेणार ते पाहत नाहीत. पुण्यातल्या अशा एका सोलर व्यवसायाचे उदाहरण धरून हे सगळे काम सुरुवातीपासून पाहता येईल. व्यवसाय आणि त्याचे आकडे कल्पित आहेत. योजना, नियम आणि अडचणी खऱ्या आहेत.

विक्रीच्या भाषेत ‘लीड’ म्हणजे ज्याच्याशी पुढे बोलणे सुरू ठेवण्यात अर्थ आहे असा माणूस. नाव आणि मोबाइल नंबर हाती आला की लीड मिळाली, असे समजण्याची पद्धत आहे, आणि तिथेच पुढचे सगळे हिशेब चुकतात. या व्यवसायाने म्हणून आधीच एक व्याख्या ठरवली: जी सोसायटी आपल्या कॉमन मीटरची वीजबिले पाठवेल, ती लीड. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे ज्या मीटरवर चालतात त्याची बारा महिन्यांची बिले शोधून पाठवायला थोडे कष्ट पडतात. निव्वळ कुतूहल असलेला माणूस ते घेत नाही. शिवाय बिलावर महिन्याचे युनिट आणि मंजूर भार, दोन्ही छापलेले असतात. त्यावरून किती किलोवॅटचा संच बसेल याचा प्राथमिक अंदाज गच्चीवर न जाताही बांधता येतो.

व्याख्या ठरली की विषय निवडणे सोपे होते. ‘सौर ऊर्जेचे फायदे’ या विषयावर वेबिनार ठेवला तर बंगलेवाले येतील, अभियांत्रिकीचे विद्यार्थी येतील, सोलरची एजन्सी घ्यायच्या विचारात असलेले येतील आणि दोन-तीन प्रतिस्पर्धीही नाव बदलून येऊन बसतील. व्यवसायाने विषय ठेवला तो असा: ‘सोसायटीच्या गच्चीवर सोलर: सर्वसाधारण सभेत सभासद विचारतील ते प्रश्न’. या शीर्षकाने ज्यांचा संबंध नाही त्यांना बाहेर ठेवले आणि समितीवर असलेल्या माणसाच्या नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले. त्याला सौर ऊर्जा चांगली असते हे ठाऊक असते. त्याला भीती असते ती सभेत उठून उभे राहणाऱ्या पाचव्या मजल्यावरच्या काकांची.

विषय आपल्या मालाचा नसावा, ऐकणाऱ्याच्या कामाचा असावा, हे मोठ्या कंपन्यांनी फार आधी ओळखले. मार्केटिंगचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या हबस्पॉट या अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये डॅन झरेला यांचा एक वेबिनार घेतला. सोशल मीडियावर काय वाचले जाते आणि काय पुढे पाठवले जाते, याचा आकडेवारीने घेतलेला वेध असा त्याचा विषय होता. हबस्पॉटचे सॉफ्टवेअर कसे वापरावे, हा नव्हता. दहा हजारांहून जास्त लोक थेट हजर राहिले आणि गिनीज बुकाने त्याची विक्रम म्हणून नोंद घेतली. अर्थात जगभर सॉफ्टवेअर विकणाऱ्याला दहा हजारांची गर्दी परवडते. पुण्यात महिन्याला दोन-तीनच संच बसवू शकणाऱ्याला ती परवडत नाही. त्याला पन्नास माणसे पुरतात, फक्त ती समितीवरची हवीत.

वक्ता कोण, हा प्रश्न विषयाइतकाच महत्त्वाचा. या व्यवसायाने आपल्या अभियंत्याला वीस मिनिटे दिली आणि उरलेला वेळ आधीच्या वर्षी संच बसवून घेतलेल्या एका सोसायटीच्या सचिवांना. गळती होईल म्हणून वरच्या मजल्यावरच्यांनी केलेला विरोध, पाण्याच्या टाक्यांची सावली, महावितरणकडचा नेट मीटरचा अर्ज हे सगळे त्यांनी सोसलेले होते. एक सचिव दुसऱ्या सचिवाचे जितके मनावर घेतो, तितके विक्रेत्याचे कधीच घेत नाही.

आता प्रसिद्धी. वेबिनार जुलैच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी अकराला ठेवला. रविवारी सकाळी समित्यांच्या स्वतःच्याच बैठका असतात, आणि ऑगस्टच्या मध्यानंतर गणेशोत्सवाची वर्गणी आणि मांडव सुरू झाले की समितीतला माणूस दुसरे काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. प्रसिद्धीला दोन आठवडे दिले. त्याहून आधी नाव नोंदवलेले विसरून जातात, आणि अशा कार्यक्रमांची बरीचशी नोंदणी तशीही शेवटच्या चार-पाच दिवसांतच होते.

मार्ग तीन निवडले. पहिला फेसबुक-इन्स्टाग्रामवरची जाहिरात. तिथल्या अर्जात वापरणाऱ्याचे नाव आणि नंबर आपोआप भरून येतात, त्यामुळे बोट लागले तरी नोंदणी होऊन जाते. नोंदणी स्वस्त पडते आणि तितकीच कच्ची निघते. कित्येकांना आपण कशासाठी नाव दिले हे दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. यावर उपाय म्हणजे अर्जात एक तरी प्रश्न असा ठेवायचा की ज्याचे उत्तर स्वतः टाइप करावे लागेल. दुसरा मार्ग सोसायट्यांच्या आसपास रोज वावरणाऱ्या माणसांचा: चार-पाच सोसायट्या सांभाळणारे मॅनेजर, हिशेब तपासणारे लेखापरीक्षक, लिफ्टच्या देखभालीचे कंत्राटदार. त्यांना व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवता येईल असे एक छोटे निमंत्रण आणि नोटीस बोर्डावर लावायला क्यूआर कोड असलेला एक कागद दिला. तिसरा मार्ग जुन्या ग्राहकांचा. ‘तुमच्या ओळखीच्या एका सोसायटीच्या सचिवांना हे पाठवा,’ एवढीच विनंती त्यांना केली.

व्हॉट्सअॅपबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिथे अनेकांची निराशा होते. ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलेला संदेश तुमचा नंबर ज्यांनी आपल्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे त्यांनाच पोहोचतो. कुठून तरी मिळवलेली दोनशे नंबरांची यादी तिथे निरुपयोगी ठरते, आणि अशा यादीवर एकेकाला संदेश पाठवत बसले तर तक्रारी होऊन नंबरच बंद पडू शकतो.

तिन्ही मार्गांसाठी नोंदणीचे पान एकच होते, पण दुवे वेगळे. दुव्याच्या शेवटी `?utm_source=facebook` किंवा `?utm_source=manager` अशी शेपटी जोडली, आणि नोंदणीच्या पानाने ती टिपून घेतली की कोण कुठून आले ते यादीत दिसते. दोन मिनिटांचे काम आहे, तरी बहुतेक जण करत नाहीत आणि नंतर ‘लोक फेसबुकवरूनच येतात’ असे अंदाजाने सांगत राहतात.

नोंदणीच्या अर्जात नाव आणि व्हॉट्सअॅप नंबर यांशिवाय तीन गोष्टी विचारल्या: सोसायटीचे नाव व सदनिका किती, तुम्ही समितीवर आहात की सभासद, आणि सोलरबद्दल तुमच्या सोसायटीतली सर्वांत मोठी शंका कोणती. प्रत्येक वाढीव रकान्यासरशी काही माणसे अर्ज अर्धवट सोडून जातात; या अर्जातून ती जावीत अशीच अपेक्षा होती. शंकांच्या रकान्यात आले ते सोन्यासारखे होते. ‘वीज गेली की लिफ्ट चालणार का?’ हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी लिहिला, आणि वेबिनारची पहिली पाच मिनिटे त्याच्यावरच खर्च करायची असे ठरले.

अर्जात खाली एक चौकट होती: ‘वेबिनारनंतर या विषयासंदर्भात मला फोन किंवा व्हॉट्सअॅप करायला माझी संमती आहे.’ ती आधीपासून टिक केलेली नव्हती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख स्पष्ट आहे: संमती ठरावीक कारणापुरती असते, आणि ती देणे जितके सोपे, तितकेच काढून घेणेही सोपे असायला हवे. वेबिनारला नाव नोंदवले याचा अर्थ त्या माणसाचा नंबर इन्व्हर्टर विकणाऱ्या मित्राला द्यायलाही हरकत नाही, असा होत नाही.

झूमच्या फुकट योजनेत शंभर माणसे आणि चाळीस मिनिटे एवढीच मर्यादा आहे, आणि नोंदणीची सोय त्यात नाही. इथे काटकसर महागात पडते. नोंदणीविना सगळ्यांना एकच दुवा पाठवला की हजेरीच्या अहवालात ‘रेडमी’, ‘आयफोन’ आणि ‘आर्यनची मम्मी’ अशी नावे येतात. नोंदणी असेल तर प्रत्येकाला स्वतःचा दुवा जातो, कोण किती वाजता आले आणि कधी उठून गेले हे कळते, आणि कोणी काय विचारले हेही नावासकट मिळते. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केले तर गर्दी कितीही मावते, पण पाहणाऱ्यांची नावे हाती लागत नाहीत. लीडसाठी घेतलेल्या कार्यक्रमाला ते चालत नाही.

नोंदवलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा आला तरी फुकट वेबिनारसाठी ते ठीकच मानतात. हा आकडा आठवणीच्या संदेशांवर बराच हलतो. आदल्या दिवशी संध्याकाळी एक, तासभर आधी एक आणि दहा मिनिटे आधी नुसता दुवा, एवढे पुरते. आदल्या दिवशीच्या संदेशात त्या माणसाने विचारलेली शंका घातली तर फरक पडतो: ‘तुम्ही गळतीबद्दल विचारले होते, त्याचे उत्तर उद्या फोटोंसह देणार आहोत.’

पाऊण तासात काय करायचे? अभियंत्याने पहिल्याच मिनिटांत सांगून टाकले की वीज गेली की साधा ऑन-ग्रिड संचही बंद होतो, त्यामुळे त्याच्यावर लिफ्ट चालणार नाही. दुरुस्तीसाठी तारेवर चढलेल्या माणसाला गच्चीवरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती व्यवस्था केलेली असते, आणि जनरेटर लागणारच. विक्रेत्यानेच आपल्या मालाची मर्यादा आधी सांगितली की पुढचे सगळे ऐकणारा वेगळ्या कानांनी ऐकतो. मग त्याने एका सोसायटीचा हिशेब पडद्यावर मांडला. कॉमन मीटरचा वापर महिन्याला बाराशे युनिट. आपल्याकडे एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चारेक युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट देतो, तेव्हा दहा किलोवॅट लागतील. त्यासाठी सावली न पडणारी हजारभर चौरस फूट जागा हवी. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे दहा किलोवॅटला एक लाख ऐंशी हजार. एकच हिशेब दाखवला, पण शेवटपर्यंत नेला.

बाराव्या मिनिटाला पोल टाकला: ‘तुमच्या सोसायटीत हा विषय कुठवर आला आहे?’ पर्याय चार होते: अजून चर्चाच नाही, समितीत बोलणे झाले, कोटेशने मागवली, सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला. वरवर पाहता हा श्रोत्यांना जागे ठेवण्याचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात पुढच्या दोन महिन्यांचे फोन कोणत्या क्रमाने करायचे, ते याच उत्तरांवरून ठरले. पोल निनावी ठेवला तर मात्र हा सगळा उपयोग वाया जातो.

शेवटी सवलत जाहीर केली नाही. ‘आज बुकिंग केल्यास दहा टक्के सूट’ हे वैयक्तिक खरेदीत चालते; सोसायटीचा सचिव ‘आज’ काहीच बुक करू शकत नाही. त्याऐवजी पडद्यावर एक ओळ दिली: कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिले आणि गच्चीचे चार फोटो पाठवा, तीन दिवसांत तुमच्या सोसायटीचा अंदाज एका पानावर लिहून मिळेल. तो फुकट, आणि दुसऱ्या कोणाकडून संच बसवून घेतलात तरी तुमच्याच कामाला येणारा.

तांत्रिक बाजू एका परिच्छेदात आटोपता येते. लॅपटॉपच्या माइकपेक्षा साधा कॉलर माइक बरा, आकडे मोबाइलच्या पडद्यावर वाचता येतील एवढे मोठे हवेत, आणि सहयजमान दुसऱ्या घरी, दुसऱ्या इंटरनेटवर बसलेला हवा. पुण्यात जुलैच्या पावसात वीज जाते. सोलर विकणाऱ्याच्याच घरचा दिवा जाऊन वेबिनार बंद पडणे हा फारच महागडा विनोद होईल.

वेबिनार संपला तिथून खरे काम सुरू झाले. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने २०११ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात असे दिसले होते की ऑनलाइन चौकशीला तासाभरात फोन करणाऱ्या कंपन्यांना उपयोगी संवाद साधता येण्याची शक्यता, एखाद-दुसरा तास उशीर करणाऱ्यांच्या जवळजवळ सातपट होती. तो अभ्यास वेबिनारचा नव्हता आणि भारतातलाही नव्हता, त्यामुळे ‘सातपट’ हा आकडा इथे लावण्यात अर्थ नाही. पण दिशा बरोबर आहे. शनिवारी विचारलेला प्रश्न पुढच्या गुरुवारी विचारणाऱ्यालाच आठवत नाही.

मात्र सगळ्यांना एकाच दिवशी एकच ‘धन्यवाद’ पाठवणे म्हणजे पाठपुरावा नव्हे. यादीचे चार भाग केले. ज्यांनी स्वतःच्या सोसायटीबद्दल प्रश्न विचारला किंवा पोलमध्ये ‘कोटेशने मागवली’ म्हटले, त्यांना त्याच दुपारी फोन. फोनवर किंमत नाही, फक्त त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आणि बिलांची विनंती. शेवटपर्यंत थांबून गप्प राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅप. पंधरा मिनिटांत उठून गेलेल्यांना रेकॉर्डिंग आणि एक ओळ. आणि नोंदवूनही न आलेल्यांना पूर्ण रेकॉर्डिंग नव्हे, तर त्यांनी अर्जात लिहिलेल्या शंकेचे उत्तर जिथे आहे तेवढा तीन मिनिटांचा तुकडा. पाऊण तासाचे रेकॉर्डिंग कोणी उघडत नाही. आपल्या प्रश्नाचा तुकडा माणूस पाहतो आणि बायकोला किंवा अध्यक्षांना पुढेही पाठवतो.

या टप्प्यावर एक गोष्ट विक्रेत्यांच्या लक्षात येत नाही. वेबिनारला आलेला सचिव निर्णय घेणारा नसतो. त्याला घरी जाऊन समितीतल्या सहा जणांना आणि नंतर सभेतल्या साठ जणांना पटवायचे असते, तेही सोलरचे काहीच ज्ञान नसताना. त्यामुळे बिले पाठवणाऱ्यांना अंदाजाच्या पानासोबत आणखी एक गोष्ट दिली: सभासदांत वाटता येईल अशी दोन पानांची टिपणी, आणि सभेच्या विषयपत्रिकेत घालता येईल असा ठरावाचा मसुदा. मसुद्यात ‘किमान तीन कोटेशने मागवून’ असे शब्द मुद्दाम होते. तीन कोटेशने तर सोसायटी मागवणारच असते. मग ते आपणच लिहून दिलेले बरे.

आता या कल्पित व्यवसायाचा हिशेब. नोंदणी १८०, हजर ६८. जाहिरातीवर नऊ हजार रुपये खर्चून ११० नावे आली, त्यांतून बिले पाठवली दोघांनी. मॅनेजर आणि लेखापरीक्षकांकडून ४५ नावे, खर्च छपाईचा अडीच हजार, बिले पाच. जुन्या ग्राहकांकडून २५ नावे, खर्च शून्य, बिले दोन. नोंदणीमागचा खर्च पाहिला तर जाहिरात ८२ रुपये आणि मॅनेजरचा मार्ग ५६ रुपये. फारसा फरक वाटत नाही. बिलांमागचा खर्च पाहिला तर एकीकडे साडेचार हजार आणि दुसरीकडे पाचशे. पुढच्या वेळी पैसे कुठे घालायचे, हे पहिल्या आकड्यावरून कळलेच नसते. एकाच वेबिनारवरून पक्का निष्कर्ष काढायला नऊ बिले थोडी आहेत, तरी एवढी मोठी तफावत दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

त्या नऊपैकी पाच गच्च्या प्रत्यक्ष पाहायला गेले. एका ठिकाणी शेजारच्या नव्या इमारतीची सावली दुपारी दोननंतर अर्ध्या गच्चीवर पडत होती. तिथे ‘बसवू नका’ असे सांगून आले. एका सोसायटीत बिल्डरकडून गच्चीचा ताबाच नीट आला नव्हता. उरलेल्या तिघांच्या सभा सप्टेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत होत्या. त्यांतल्या दोन सोसायट्यांच्या अध्यक्षांनी सभेच्या दिवशी अभियंत्याने पंधरा मिनिटे येऊन उत्तरे द्यावीत अशी विनंती केली. ज्या चार बिलवाल्यांची भेट झाली नव्हती, त्यांपैकी दोघांच्या सभेची सूचना आधीच निघून गेली होती. त्यांची नावे वेगळ्या पानावर लिहून ठेवली आणि समोर पुढची तारीख टाकली: १ जून.